मदत हवी आहे: टीममध्ये कुणाला त्रास दिला जातोय हे तक्रार येण्याआधी कसं ओळखायचं?

काट्यावरचा_नवा

नमस्कार मंडळी. हिंगणघाटच्या बाजूला कापसाच्या एका जिनिंगमध्ये या हंगामापासून इन्चार्ज झालो आहे. आधी हिशेबाचं काम करायचो, माणसं सांभाळायची ही पहिलीच वेळ. काटा, ग्रेडिंग आणि पावत्या मिळून नऊ जण हाताखाली आहेत.

काट्यावर एक तरुण पोरगा आहे. दिवाळीआधी चांगला बोलायचा, आता फक्त "हो सर". बाकीचे ग्रेडिंगच्या शेडमध्ये डबा खातात, हा केबिनमध्ये एकटा. रविवारची ड्युटी बहुतेक त्याच्याच वाट्याला येते. पावतीतल्या चुकाही त्याच्याच नावावर जास्त. चूक झाली की जुना काटेकरी गाडीवाल्यांसमोर "आले आमचे कॉलेजवाले" म्हणतो, सगळे हसतात आणि तोही हसतो.

तक्रार कुणाचीच नाही. हा त्रास आहे की मलाच तसं वाटतंय? त्याला सरळ विचारू का?

वऱ्हाडी_गडी

भाऊ, जिनिंगमधी थट्टामस्करी चालतेच. नव्या पोराले सारेच चिडवतात, मलेबी चिडवत होते. पोरगा सोताच हासते म्हन्ता, मंग कायचा त्रास? तरी मनात शंका असन तं हापिसाबाहेर तक्रारपेटी लावून द्या. ज्याले सांगाचं हाये तो चिठ्ठी टाकन.

सावनेरची_ताई

तुम्हाला वरचे लोक त्रास देत असतील तर गप्प बसू नका, तारीखवार लिहून ठेवा. मी एका पतसंस्थेत होते. बैठकीची वेळ बदलली की सगळ्यांना निरोप जायचा, मला सोडून. मग मी पोचले की "मॅडम नेहमीच उशिरा". असं पुष्कळ दिवस चाललं. शेवटी मलाच वाटायला लागलं की आपलंच काहीतरी चुकतंय. कुणाकडे तक्रार केली नाही, कारण "निरोप दिला नाही" ही काय सांगायची गोष्ट असं वाटायचं.

काट्यावरचा_नवा

ताई, त्रास मला नाही, त्या पोराला होतोय का ते पाहतोय. पण तुमचं वाचून एक आठवलं. भाव दिवसातून कधी दोनदाही बदलतो, आणि त्याच्या बऱ्याच चुका जुना भाव लिहिल्याच्याच आहेत.

टाइमऑफिसवाले_काका

सूतगिरणीच्या टाइम ऑफिसात माझी नोकरी झाली, म्हणून सांगतो. गडीभाऊ म्हणतात तशी मस्करी असते, खरं आहे. पण मस्करी फिरते. आज याची, उद्या त्याची, आणि ज्याची होते तोही उलटून बोलतो. तुमच्याकडे ती एकाच माणसावर थांबली आहे आणि तो उलटून बोलत नाही. त्याच्या हसण्यावर जाऊ नका, सगळ्यांसमोर हसण्यावाचून त्याला दुसरा मार्ग नसतो. तक्रारपेटीही नऊ माणसांत चालत नाही. पेटीकडे कोण गेलं ते दिसतं आणि अक्षर सगळे ओळखतात.

त्याला आत्ताच "तुला कोण त्रास देतं" असं विचारू नका. "कोणी नाही सर" म्हणेल, आणि सरांनी केबिनमध्ये बोलावलं ही बातमी संध्याकाळपर्यंत शेडमध्ये पोचेल. आधी कागद बघा. काट्याचं रजिस्टर घ्या, चुकलेल्या पावत्या बाजूला काढा आणि प्रत्येकीपुढे तीन गोष्टी लिहा: कोणती माहिती नव्हती, ती कोणाकडे होती, त्या वेळी सोबत कोण होतं. जो मुळात निष्काळजी असतो तो सगळीकडे चुकतो, वजनातही आणि तारखेतही. ज्याला माहिती पोचू दिली जात नाही, त्याच्या चुका एकाच जागी सापडतात.

ड्युटीचा तक्ता आणि रजाही बघा, पण जपून. रविवार कधी माणूस स्वतः मागून घेतो. शेतीच्या कामानं, घरच्या आजारपणानं, कर्जानंही माणूस गप्प होतो.

काट्यावरचा_नवा

काका, काढलं. त्याच्या अकरा पावत्या चुकल्या होत्या. आठ जुन्या भावाच्या, दोन रिकाम्या गाडीचं वजन मागच्या गाडीचं लागल्याच्या, एक नावाची. त्या आठही दुपारच्या, जुन्या काटेकऱ्याकडून काटा हातात घेतल्यानंतरच्या. रात्रपाळीत तो एकटा असतो, तिथे भावाची चूक एकही नाही.

आणखी एक कळलं. भाव व्हॉट्सअॅपवर येतो, पण ऑफिसच्या ग्रुपवर नाही. जुन्या काटेकऱ्यानं काट्याचा वेगळा ग्रुप केला आहे, त्यात हा पोरगा नाही.

टाइमऑफिसवाले_काका

ग्रुपची गोष्ट मोठी आहे, पण रात्रीच्या हिशेबावर एवढ्यात भरवसा ठेवू नका. रात्री गाड्या कमी आणि भाव बदलतही नसेल. दुपारी रांग लागलेली असताना दुसरं कुणी काट्यावर बसतं तेव्हा किती चुकतं, ते पाहिलं का?

काट्यावरचा_नवा

पाहिलं. ग्रेडिंगमधला एक जण बदलीवर बसतो, त्याच दुपारच्या वेळेला. त्याची भावाची चूक नाही. पण तो बसतो कमी वेळा, म्हणून ठाम सांगता येत नाही.

टाइमऑफिसवाले_काका

मग आता कुणाचंही नाव न घेता पद्धत बदला. भाव बदलला की तुम्ही स्वतः काट्याच्या फळ्यावर वेळ टाकून लिहायचा. पाळी बदलताना चालू भाव, रांगेतल्या गाड्या आणि अर्धवट पावत्या रजिस्टरमध्ये लिहून दोघांच्या सह्या. हे सगळ्यांना सारखं. रविवारचा तक्ताही तुम्हीच लावा, आळीपाळीनं. मग लक्ष ठेवा. नुसता निष्काळजीपणा असेल तर निरोप कसे जातात ते सुधारलं की सगळं शांत होईल. मुद्दाम चाललं असेल तर एक वाट बंद झाल्यावर दुसरी निघेल. त्याचा डबा हरवेल, खुर्ची हलेल, त्याच्याबद्दलच्या गोष्टी मालकाच्या कानावर जातील.

मूर्तिजापूरकर

एक भर घालतो. चिडवण्यात जात येत असेल, पाण्याचा ग्लास वेगळा ठेवला जात असेल, तर पद्धत बदलून वाट बघत बसू नका. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाबाबत तिथे 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो. बाईला लैंगिक त्रास असेल तर 2013 चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती लागते, त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. नुसत्या छळवणुकीसाठी मात्र आपल्याकडे वेगळा कायदा नाही, म्हणून बाकीचं सगळं इन्चार्जवरच येतं.

काट्यावरचा_नवा

जातीचं काही कानावर आलेलं नाही, पण पाण्याकडे लक्ष ठेवतो.

फळा लावला, सह्याही सुरू केल्या. तेव्हापासून भावाची चूक झालेली नाही, पोराकडूनही नाही. जुन्या काटेकऱ्यानं सह्यांना कुरकुर केली, "आमच्यावर भरवसा नाही का" म्हणाला. मी म्हटलं, उद्या शेतकरी भांडायला आला तर ही सही तुमच्याच कामी येईल. त्यावर गप्प बसला.

पण काल ग्रेडरनं मला सांगितलं की पोरगा "सरांचा खास" आहे असं शेडमध्ये चाललंय. काका, हीच ती दुसरी वाट का?

वऱ्हाडी_गडी

भाऊ, पेटीचं मी चुकीचं सांगतलं, काकांचं पटलं. पन जुना काटेकरीबी ऐकून घ्या. त्यानं कितीक हंगाम काढले अन् आता शिकलेला पोरगा त्याच्या काट्यावर आला. त्याले आपली जागा जाते असं भेव असन.

टाइमऑफिसवाले_काका

असू शकतं. भीती असली म्हणून वागणं चालवून घ्यायचं नाही, पण तिच्यावर बोलायला हरकत नाही. "सरांचा खास" हे एकदाच ऐकलंय, त्यावरून निकाल देऊ नका. कोणी, कधी, कुणासमोर म्हटलं ते आजच वहीत लिहा. आता सगळ्या नऊ जणांना एकेकटं बोलवा आणि प्रत्येकाला तेच विचारा: काम करताना कुठे अडतं, माहिती कोणाकडून उशिरा मिळते, कोणती पाळी नको वाटते. सुरुवात ग्रेडरपासून करा, पोराला मध्ये कुठेतरी घ्या, शेवटी जुन्या काटेकऱ्याला.

काट्यावरचा_नवा

सोमवारी बाजार बंद आहे, गाड्या नसतील. त्याच दिवशी सगळ्यांशी बोलतो. काटेकरी मालकांच्या गावचा आहे, त्यामुळे मालकांना आधी सांगावं की नंतर, हे मात्र ठरत नाहीये.

सावनेरची_ताई

आधी सांगा, पण नाव न घेता. "सगळ्यांशी कामाबद्दल बोलतोय" एवढंच. आमच्याकडे साहेबांना दुसऱ्याच कुणाकडून कळलं होतं, आणि मग त्यांनी माझं एक शब्दही ऐकलं नाही.

टाइमऑफिसवाले_काका

मी ताईंसारखं सांगितलं नसतं. मालक गावचेच असतील तर तेवढंही काटेकऱ्याच्या कानावर रविवारीच जाईल. पण तुमचे मालक कसे आहेत ते तुम्हालाच ठाऊक.