मदत हवी आहे: छापील कॅटलॉगसाठी कोल्हापुरी चपलांचे फोटो – कातडं निस्तेज, पांढरं राखाडी, सावल्या काळ्याकुट्ट

सायली_क

नमस्कार मंडळी. माझ्या मामांचं कोल्हापुरात चपलांचं दुकान आहे, मागेच कारागीर बसतात. पहिल्यांदाच छापील कॅटलॉग काढतोय. ऑफसेट छपाई, 130 जीएसएमचा आर्ट पेपर. फोटो मामेभावाने दुकानातच काढलेत. टेबलावर पांढरी कार्डशीट, डावीकडे उघडं दार, डोक्यावर ट्यूबलाइट. कॅमेरा डीएसएलआर आणि सगळ्या रॉ फाइल हाताशी आहेत. मी लाइटरूम वापरते.

उदाहरणादाखल एकच फोटो घेते, कापशी चपलेचा. कातडं बिनरंगाचं, म्हणजे बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावल्यावर जसं येतं तसं. हातात घेतलं की मधासारखा उबदार तपकिरी रंग दिसतो. फोटोत तेच कातडं मेलेलं, मातकट दिसतंय. कार्डशीटवर कर्सर नेला तर लाल 64, हिरवा 69, निळा 76 टक्के असे आकडे येतात, म्हणजे पांढरं तर नाहीच, वर निळसर.

व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर कार्डशीटवर टिचकवला, तर शीट तटस्थ झाली पण चप्पल नारिंगी झाली. मग Shadows बरंच वर नेलं. कानाखालची घडी आणि वेणीचे पीळ दिसायला लागले, पण चप्पल हवेत तरंगतेय असं वाटतं. कुठून सुरुवात करू? मामांना फोटो बघून "हे आपलं कातडं" असं वाटलं पाहिजे, एवढीच अट आहे.

प्रकाशवाट

सायली, शीट राखाडी का आली ते सोपं आहे. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम करड्यावर आणून ठेवतो. चौकटीत बहुतेक पांढरं असेल तर तो फोटो मुद्दाम अंधारा काढतो. Exposure एक स्टॉप वाढव, शीट नव्वदीच्या पुढे जाईल. व्हाइट बॅलन्सला ड्रॉपरच नको, सरळ 5500 टाक. दिवसाचा उजेड 5500 असतो. Shadows मात्र +80 ठेव, कॅटलॉगमध्ये वस्तू पूर्ण दिसली पाहिजे.

मीनल_पैंजण

माझाही असाच प्रश्न आहे म्हणून इथेच विचारते. मी चांदीचे पैंजण ऑनलाइन विकते. करडं कार्ड ठेवून व्हाइट बॅलन्स केला तरी चांदी पिवळी येते. चांदी पांढरी कशी करायची?

जुना_छापखाना

मी बरीच वर्षं प्रीप्रेसमध्ये काढली, फोटो छपाईला लावण्याचंच काम.

प्रकाशवाट यांचं मीटरबद्दलचं बरोबर आहे. एक स्टॉपचा अंदाजही बरोबर. पण 5500 हा दुपारच्या थेट उन्हाचा ढोबळ आकडा. दारातून येणारा उजेड ऊन नसतो, तो आभाळाचा आणि सावलीचा असतो. तो सात हजारांच्या पुढेही जातो, आणि वर ट्यूब मिसळलेली. त्यामुळे डोळे मिटून आकडा टाकू नका.

ड्रॉपरने नारिंगी का झालं, तर कार्डशीट मुळात तटस्थ नसते. शीट पांढरीशुभ्र दिसावी म्हणून त्यात चमक आणणारं रसायन घालतात. ते उजेडातली अतिनील किरणं घेतं आणि निळा उजेड परत टाकतं. तुम्ही लाइटरूमला सांगितलंत की हा निळेपणा दोष आहे, त्याने तो काढायला सगळ्या फोटोत पिवळा-लाल ओतला. शीट सुधारली, कातडं बिघडलं. खात्री करायची असेल तर दुकानात नोटा तपासायचा दिवा असेलच. अंधारात त्याखाली ती शीट धरा. निळी चमकली तर तिच्यावर ड्रॉपर लावायचा नाही.

उपाय असा. फोटोग्राफीच्या दुकानात करडं कार्ड मिळतं ते आणा. त्याच टेबलावर, त्याच वेळी, दार तेवढंच उघडं ठेवून, ट्यूब चालू ठेवून, चपलेच्या जागी कार्ड ठेवून एक फोटो काढा. ड्रॉपर त्या कार्डावर लावा आणि तोच व्हाइट बॅलन्स त्या बैठकीच्या सगळ्या फोटोंना चिकटवा. शीट किंचित निळसर राहील, राहू दे. ती खरोखरच तशी आहे. तुम्हाला चप्पल विकायची आहे, शीट नाही.

सायली_क

मामेभावाने काल संध्याकाळी कार्ड धरून फोटो काढला, उजेड साधारण तसाच होता. आता शीट 67, 69, 73 येते. कातड्यातला नारिंगीपणा गेला. मग Exposure +1 केलं, शीट 92 च्या आसपास गेली आणि कातडं एकदम जिवंत झालं. नोटांच्या दिव्याखाली शीट खरंच निळी पेटली!

पण उजव्या चपलेचा अंगठा अजून जरा हिरवट दिसतोय. डावी चप्पल ठीक आहे.

जुना_छापखाना

तो ट्यूबचा भाग. शीटच्या डाव्या कोपऱ्यात आणि उजव्या कोपऱ्यात कर्सर नेऊन आकडे बघा. दोन्हीकडे तिन्ही रंगांचं आपसातलं प्रमाण वेगळं असेल तर दोन दिव्यांचा उजेड मिसळलाय. तो एका व्हाइट बॅलन्सने सुटत नाही, कितीही घासा. उजवीकडून मधल्यापर्यंत एक उतरता मास्क ओढा आणि त्यात फक्त Tint थोडं मॅजेंटाकडे सरकवा, दोन्ही कोपऱ्यांचं प्रमाण जुळेपर्यंत. पुढच्या वेळी फोटो काढताना ट्यूब बंद ठेवा आणि उजवीकडे थर्माकोलचा तुकडा उभा करा. निम्मं काम तिथेच संपतं.

आता सावल्या. इथे प्रकाशवाट यांच्याशी मी सहमत नाही. Shadows +80 केलं की सगळ्याच सावल्या एकदम उचलल्या जातात, आणि त्यांतल्या एकीला हात लावायचा नसतो. ती म्हणजे तळवा शीटला जिथे टेकतो तिथली बारीक काळी रेघ. ती रेघच चपलेला वजन देते. ती पुसली म्हणूनच तुमची चप्पल तरंगायला लागली. मुख्य Shadows शून्यावर आणा. मग ब्रशने मास्क करून फक्त कानाखालची घडी आणि वेणीच्या पिळांमधली खाच उचला, +25 ते +35 एवढंच. ब्रश तळव्याच्या कडेवर जाऊ देऊ नका. दारामुळे उजवीकडे जी लांब सावली पडलीय ती वेगळ्या मास्कने हलकी करा, पण काढू नका.

छपाईत अजून एक गोष्ट होते. शाईचा ठिपका कागदावर पसरतो. प्लेटवरचा 50 टक्क्यांचा ठिपका आर्ट पेपरवर साठीच्या पुढचा दिसतो. प्रोफाइल बरोबर लावलं तर त्याचा हिशोब त्यात धरलेला असतो, पण गडद घड्या तरीही बुजतात. मी कातड्याच्या सगळ्यात गडद घडीचा पडद्यावरचा उजेडाचा आकडा 10 टक्क्यांच्या खाली जाऊ देत नसे. टेकलेल्या रेघेला ही अट नाही, ती काळी चालते.

मीनलताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे. चकचकीत चांदीला स्वतःचा रंग फार थोडा, ती समोरची भिंत दाखवते. भिंत पिवळी असेल तर कार्ड बरोबर असूनही चांदी पिवळीच येणार. चारी बाजूंनी पांढरे कागद उभे करून फोटो काढा.

प्रकाशवाट

टेकलेल्या रेघेचं पटलं. एक शंका मात्र आहे. शीट 92 वर ठेवायची की सरळ 100 करायची? कॅटलॉगचं पान पांढरंच असतं, मग फोटोची पार्श्वभूमी करडी का ठेवायची?

जुना_छापखाना

चांगला मुद्दा, कारण इथे बऱ्याच कॅटलॉगांची माती होते. फोटोला चौकट असेल, म्हणजे शीट शीटसारखीच दिसणार असेल, तर 92 ते 95 उत्तम. पण चप्पल थेट पानाच्या पांढऱ्यावर ठेवायची असेल तर शीट पूर्ण कोरी हवी, चारही शाया शून्य. मधल्यामध्ये सोडलं, समजा दोन-तीन टक्के ठिपका राहिला, तर पडद्यावर काही दिसत नाही आणि छापल्यावर प्रत्येक चपलेभोवती फिकट चौकोन उमटतो.

कोरी करताना सगळा फोटो उजळायचा नाही, कातडं उडून जाईल. फक्त शीटचा मास्क करा आणि तोच वर न्या. सावलीची टोकं मात्र बघत बसावी लागतात. ऑफसेटला दोन-तीन टक्क्यांच्या खालचा ठिपका नीट धरता येत नाही, त्यामुळे सावली हळूहळू विरण्याऐवजी एका जागी तुटते आणि कडा दिसते. म्हणून शेवटचा भाग जरा भरभर विरवा.

सायली_क

आम्हाला चौकट नकोय, चप्पल पानावरच हवी. आज तसा मास्क केला. झूम करून बघितलं तर गोंड्याच्या रेशमी धाग्यांभोवती निळसर कड राहिलीय.

प्रेसवाल्यांना विचारलं की कोणत्या प्रोफाइलला सीएमवायके करून देऊ. ते म्हणाले, "आरजीबीच द्या, आमचं आम्ही करून घेतो." द्यावं का तसंच?

जुना_छापखाना

कड शीटच्या निळेपणाची. त्या धाग्यांवर बारीक ब्रशने Saturation खाली घ्या, रेशमाच्या रंगाला धक्का न लावता.

आरजीबी देऊ शकता, पण ते कोणत्या प्रोफाइलमध्ये बदलणार हे लेखी मागा. उत्तर आलं नाही तर Coated FOGRA39 लावून स्वतः सॉफ्ट प्रूफ बघा, आर्ट पेपरसाठी तो बऱ्यापैकी जवळचा अंदाज देतो. बघताना पडद्याचा उजेड कमी करा. पूर्ण उजेडात फोटो ठीक वाटतो आणि छापून अंधारा येतो, ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकली आहे.

वाठारकर_लेदर

मी कातड्याच्या धंद्यातला आहे, फोटोतलं फारसं कळत नाही. पण "हे आपलं कातडं" म्हणजे नेमकं कोणतं? सालीत कमावलेलं कातडं उजेडाने आणि तेलाने गडद होत जातं. फोटोतला जोड दुकानात महिनाभर लटकलेला असेल तर नवीन जोडापेक्षा तो गडदच असणार. गिऱ्हाईक कॅटलॉग बघून मागवेल आणि हातात फिकट जोड पडेल.

जुना_छापखाना

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. याला लाइटरूममध्ये उत्तर नाही. मामांनीच ठरवावं की कॅटलॉगमध्ये नवीन जोडाचा रंग दाखवायचा की थोडा वापरलेला. जो ठरेल तो जोड कपाटात, कागदात गुंडाळून ठेवा आणि प्रेसवर छपाईच्या वेळी घेऊन जा. पहिली शीट निघाली की त्याच्याशेजारी धरा.

प्रकाशवाट

मी असतो तर सरासरी रंग घेतला असता आणि खाली "रंगात थोडा फरक संभवतो" असं छापलं असतं. सगळेच छापतात.

सायली_क

मामांशी बोलले. त्यांचं म्हणणं नवीन जोडाचाच रंग हवा, कारण जुना रंग गिऱ्हाईकाने स्वतः घालून आणायचा असतो. म्हणजे कापशी आणि पायताणाचे चार-पाच फोटो ताज्या जोडावर पुन्हा काढायचे, ट्यूब बंद ठेवून आणि करड्या कार्डासह. बाकीच्यांवर वरचीच पद्धत लावते.

प्रेसकडून प्रोफाइलचं उत्तर अजून आलेलं नाही. छपाईच्या आधी एकाच पानाचं प्रूफ काढून द्या म्हटलं, तर ते डिजिटल मशीनवरचं देऊ म्हणतात. ऑफसेटचा रंग त्यावर कितपत भरवशाने बघता येईल, कुणाला अनुभव आहे का?