शेवटच्या ध्रुवपदात शब्द बदलणारे कवी

सरळसोट:
शेवटच्या ध्रुवपदात एक शब्द बदलायचा आणि टाळ्या घ्यायच्या, या प्रकाराचा मला वीट आलाय. तीन कडव्यांत जे जमलं नाही ते एका शब्दात उरकायची पळवाट आहे ही. हल्ली प्रत्येक एकांकिकेतल्या गाण्यात हेच. ज्याला लिहिता येतं त्याला ओळ बदलावीच लागत नाही. ओळ तीच राहते आणि अर्थ बदलतो.

पेटीमास्तर:
हल्लीच्या एकांकिका राहू द्या बाजूला. गदिमांचं 'एका तळ्यात होती' घ्या. लहानपणापासून पाठ आहे, म्हणूनच आपण ते नीट ऐकत नाही.

सगळ्यांना शेवटचा राजहंस तेवढा आठवतो. पण गदिमा एक शब्द त्याच्या आधीच बदलून मोकळे झालेत. सुरुवातीला येतं 'होते कुरूप वेडे पिल्लू तयात एक'. होते. गोष्ट सांगणारा लांबून, शांतपणे सांगतोय. पहिलं कडवं संपताना लोक पिल्लाकडे बोट दाखवून हसतात आणि तीच ओळ परत येते, पण आता 'आहे कुरूप वेडे'. चाल तीच, बाकीचे शब्द तेच. होते आणि आहे, दोन्हीकडे दोन गुरू, त्यामुळे पेटीवरचं बोटसुद्धा हलवावं लागत नाही. फक्त मघाशी जे निवेदन होतं ते आता लोकांच्या तोंडचं टोचून बोलणं झालं. आशाबाईंबरोबर आपण सगळे तिथे तेच टोचून बोलणं गोड गळ्याने गातो आणि कुणाला पत्ता लागत नाही. याला टाळ्या पडत नाहीत. मग टाळ्यांसाठी केलं असं कसं म्हणता?

आणि शेवटी तर उलटाच डाव आहे. ओळ जवळजवळ सगळी बदलते, राहतो तो फक्त 'एक'. आधी तो एक म्हणजे बाजूला पडलेला, शेवटी तो एक म्हणजे राजहंस. शब्द बदलायचा की राखायचा हे एकाच कामाचे दोन भाग आहेत. तुम्ही त्यांचं भांडण लावताय.

सरळसोट:
वा! म्हणजे 'एक' तोच राहिला आणि त्याचा अर्थ बदलला. मी काय वेगळं म्हणतोय? माझाच मुद्दा तुम्ही पेटीवर वाजवून दाखवलात, आभार. 'होते'चं 'आहे' होणं हा नुसता काळाचा फरक. त्यात एवढं गहिवरण्यासारखं मला काही दिसत नाही.

ढोलकीवाला:
पेटीमास्तरांशी सहमत. मात्रा जुळल्या की काम फत्ते. शब्द बदललेला कळणार पण चाल अडखळणार नाही, एवढं जमलं की झालं. बाकी सगळी चर्चा म्हणजे पांडित्य.

पेटीमास्तर:
ढोलकीवाले, मात्रा जुळणं ही पहिली पायरी झाली. 'होते'च्या जागी 'मोठे' टाकलंत तरी मात्रा जुळतातच की.

पिल्लाची आई:
धागा नेमका कशावर आहे ते पूर्ण कळलं नाही, पण गाण्याचं नाव वाचून जखमेवरची खपली निघाली. माझ्या लेकीच्या शाळेत गॅदरिंगला हेच गाणं होतं आणि ती पिल्लू होती. प्रत्येक नाचाला तीन मिनिटं. बाईंनी काय करावं? शेवटचं कडवं कापलं! पुठ्ठ्याचं तळं, बाकीची बदकं हिला चोची मारतायत, ही डोळे पुसतेय, आणि दिवे गेले. पुढचा आयटम कोळीगीत. पिसं लावलेला पांढरा झगा मी दोन रात्री जागून शिवला होता, तो पिशवीतच राहिला. घरी येऊन लेक विचारते, "आई, मी शेवटपर्यंत कुरूपच का?"

कट्टेकरी:
हसावं की रडावं कळेना. पण हे सगळीकडे चालतं हो. ऑर्केस्ट्रात मुखडा, एक अंतरा, परत मुखडा, खल्लास. टीव्हीवरच्या स्पर्धांत तर त्याहून कमी. आख्ख्या पिढीला गाण्याची शेवटची कडवी माहीतच नाहीत. मग शेवटी शब्द बदलणाऱ्या कवीने करायचं काय? त्याचा शब्द गोदामातच पडून.

ढोलकीवाला:
ऑर्केस्ट्रावाल्यांना नावं ठेवू नका. मी वाजवतो. रात्री दहाला माईक बंद करावा लागतो आणि तुमच्या फर्माइशी चाळीस. जुन्या तबकडीच्या एका बाजूलासुद्धा तीन-साडेतीन मिनिटंच मावायची. तेव्हा कवी रडत बसले नाहीत, तीन कडव्यांत गाणं बसवलं त्यांनी.

कट्टेकरी:
बसवलं, बरोबर. म्हणजे आधीच तासून मापात आणलेलं गाणं तुम्ही परत तासता! उद्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण फाडून विका, 'फर्माइशी फार होत्या' म्हणून.

ढोलकीवाला:
घरी बसून बोलायला काय जातं? या एकदा, तीन तास वाजवून दाखवा.

पेटीमास्तर:
भांडू नका. बाईंना खरंच कापायचं होतं तर काय कापायचं हा प्रश्न मात्र चांगला आहे. मधलं, पिल्लू एकटंच रडतं ते कडवं काढलं तर गाणं राजहंसापर्यंत पोचतं, पण फुकटात पोचतं. दोनदा टोचून घेतल्याशिवाय त्या शेवटाला वजन येत नाही. त्यापेक्षा वाद्यांचे मधले तुकडे कापायचे आणि तिन्ही कडवी ठेवायची. नाचाला जागा कमी मिळते, पण झगा वाया जात नाही.

नाट्यवेडा:
मूळ पोस्टमधला 'हल्लीच्या एकांकिका' हा टोमणा बहुतेक मलाच आहे, तेव्हा सांगूनच टाकतो. आमच्या एकांकिकेत मुलगा वाढत जातो आणि घर सोडतो. दर कडव्याच्या शेवटी ओळ होती:

दार लोटून घे आई, येतो मी आता

पहिल्यांदा शाळेला निघताना, दुसऱ्यांदा होस्टेलला, तिसऱ्यांदा पलटणीत भरती होऊन. शेवटी फक्त 'येतो'चं 'जातो' केलं. आपल्या घरांत 'जातो' म्हणू देत नाहीत हे सांगायला नकोच. मागे फिरवून 'येतो' म्हणायला लावतात. बदलतं एकच अक्षर, ये-चं जा.

पहिल्या प्रयोगाला ते कुणालाच ऐकू आलं नाही. कुणालाच! दोन कारणं नंतर कळली. एक म्हणजे ते अक्षर बरोबर समेवर होतं आणि तिथेच तबल्याची थाप पडायची. दुसरं म्हणजे मागचा कोरस सवयीने 'येतो'च म्हणाला. पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनीही ओठ हलवत 'येतो'च म्हटलं. ओळ लोकांच्या तोंडी बसावी म्हणून तीन कडवी खपलो, आणि तीच इतकी पक्की बसली की नवा शब्द आत शिरेना.

मग शेवटच्या फेरीत कोरस गप्प केला, तबला त्या समेला थांबवला आणि मुलाच्या एकट्याच्या आवाजात ओळ घेतली. तेव्हा कुठे सभागृहात चुळबुळ थांबली.

सरळसोट:
म्हणजे कमाल तबला थांबवण्याची. शब्दाची नाही. तिथे 'येतो' म्हटलं असतं तरी चुळबुळ थांबलीच असती.

आणि मला एक सांगा, 'जातो' म्हणतोय कोण? पोरगं जिवंत असेल तर आईसमोर ते असं म्हणणार नाही. मेलेलं असेल तर ते बोलतंय कुठून? ते 'जातो' तुम्ही म्हणताय, लेखक. मुलाच्या तोंडून, प्रेक्षकांना कोपर मारून. गदिमांच्या 'आहे'ला तोंड आहे. लोक म्हणतात, असं गाण्यात लिहिलंय. तुमच्या 'जातो'ला ते नाही.

पेटीमास्तर:
हा मुद्दा मात्र बिनतोड आहे. (वर 'काळाचा फरक' म्हणून झटकलेलं 'आहे' आता कामाला आलं, याची नोंद घेतली.) बदललेला शब्द कुणाच्या तोंडचा, ते आधीच्या ओळीने ठरवून द्यावं लागतं.

नाट्यवेडा:
मग काय करू? शेवटच्या कडव्यात 'चुकून म्हणाला' असं लिहू? की आईच म्हणते, 'येतो म्हण रे'?

पिल्लाची आई:
मी असते तर 'येतो'ला हातच लावला नसता. मुलगा येत नाही. दार आईने लोटलेलंच नाही. ती भिंतीवरच्या फोटोकडे बघते आणि त्याचीच ओळ स्वतः म्हणते, 'येतो मी आता'. आई असून 'येते' नाही, 'येतो'. मला तर लिहितानाच कसंतरी झालं.

सरळसोट:
बघा! ज्यांना धागा कळला नव्हता त्यांनी सोडवून दिला. शब्द न बदलता.

नाट्यवेडा:
छान आहे, मान्य. पण फोटो, भिंत, आई, सगळं दाखवावं लागतं. माझ्याकडे काळा पडदा आणि एक स्टूल आहे. आणि फोटोला हार दिसला की पुढची ओळ ऐकतो कोण?

न्यूजर्सीकर:
इकडचं सर्वांत गाजलेलं उदाहरण कुणी घेतलं नाही याचं नवल वाटलं. हॅरी चेपिनचं 'कॅट्स इन द क्रेडल', 1974. मुलगा बापाला विचारत राहतो, बाबा, घरी कधी येणार? बाप म्हणतो, कधी ते माहीत नाही, पण आलो की मजा करू. अगदी शेवटच्या ध्रुवपदात बाप मुलाला तेच विचारतो. हाक फक्त बदलते. गाडीत ऐकलं तेव्हा मी कामावरून उशिराच घरी चाललो होतो, पुढचं सांगत नाही.

पेटीमास्तर:
अगदी शेवटच्या नव्हे. तिसऱ्यातच बदलते. मुलगा कॉलेजातून येतो, बापाशी बसायचं सोडून गाडीच्या किल्ल्या मागतो, आणि तिथेच हाक उलटी होते. चौथ्यात तीच उलटी ओळ परत येते. नाट्यवेड्याने हे मुद्दाम ऐकावं. ज्याच्या कानावरून तिसऱ्यात निसटलं त्याला चौथ्यात दुसरी संधी आहे. तुमच्या 'जातो'ला एकच संधी, तीही थापेखाली.

सरळसोट:
आणि त्या दोन्हींच्या मधे बाप स्वतःच्या तोंडाने सांगून टाकतो की पोरगं माझ्यासारखंच निघालं. शब्द बदलून वर टीपही जोडली! तरी गाणं चांगलं आहे, नाही म्हणत नाही. गदिमांचं 'आहे' मान्य, चेपिनची हाक अर्धी मान्य. 'जातो' नामंजूर.

नाट्यवेडा:
तुमच्या मंजुरीसाठी पुढच्या प्रयोगाचं तिकीट राखून ठेवतो. 'जातो' तिसऱ्या कडव्यात आणून बघतोय, मुलगा भरतीला निघताना. आई दटावते, तो हसून 'येतो' म्हणतो. शेवटी मग कुठला शब्द ठेवायचा ते अजून ठरत नाहीये.

ढोलकीवाला:
समेला थाप न मारता थांबायचं असेल तर तबलजीला आधी सांगा. आयत्या वेळी हात थांबत नाही.

कट्टेकरी:
आणि तिन्ही कडवी वाजवा म्हणजे मिळवली.