सात तारखेआधी कामगारांना काय सांगितले?

पगाराच्या तोंडावर खाते रिकामे असताना आपण कामगारांना काय सांगितले, याचे अनुभव खानदेशातील लहान कारखानदारांनी लिहावेत. सुरुवात मीच करतो.

जळगाव एमआयडीसीत ठिबकच्या फिटिंग्ज बनवणारा माझा चौदा कामगारांचा कारखाना आहे. महिन्याचा पगार २,८०,००० रुपये होतो. एका खरेदीदाराकडचे ६,४०,००० रुपयांचे बिल ९० दिवसांपलीकडे गेले आणि स्टॉक स्टेटमेंट देताच बँकेने ते येणे हिशेबातून वगळले. ४० टक्के मार्जिन धरता कॅश क्रेडिटमधून उचलता येणारी रक्कम ३,८४,००० रुपयांनी उतरली. हाताशी दीड लाख उरले.

'बँकेचे सर्व्हर बंद आहे' असे सांगायचे मी ठरवले होते. चार तारखेच्या संध्याकाळी आमचे अमळनेरकडचे फोरमन आबा मोल्ड पुसत होते. त्यांनी प्लास्टिक दाण्याच्या पोत्यांकडे बोट दाखवले. रोज चार पोती फुटत, त्या आठवड्यात दोनच फुटत होती. "भाऊ, पैसा कव्हय येतीन, एवढंच सांग," असे ते म्हणाले, तेव्हा ही गोष्ट फक्त मलाच लपलेली वाटत होती हे कळले.

पंधरा हजारांच्या नऊ जणांना पूर्ण पगार आणि उरलेल्या पाच जणांना तूर्त तीन-तीन हजार द्यायचे ठरले. अठरा तारीख हा खरेदीदाराचा शब्द आहे, वीस तारीख माझा, असे मी सर्वांसमोर सांगितले. अठरा कोरडी गेली. एकोणीसला आईच्या पाटल्या गहाण ठेवल्या. त्या पाचांपैकी एक ऑपरेटर पुढे सोडून गेला; त्याला मी दोष देत नाही.

रावेरहून: केळीच्या कापणीची मजुरी आम्ही आठवड्याला देतो. व्यापारी पैसे अडकवतो, तेव्हा मजूर दुसऱ्या बागेत जातात. आपला प्रश्न बहुधा व्यापाऱ्याला काय सांगावे, असा आहे का?

धुळ्याहून: लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेच लागतात. समाधान पोर्टलवर तक्रार केली असती, तर सातच्या आत पैसे आले असते.

भुसावळहून, निवृत्त हिशेबनीस: ४५ दिवस ही लेखी करारातली कमाल मुदत आहे, करार नसेल तर १५ दिवसच. मात्र तक्रार परिषदेपुढे जाते, तिथे महिने लागतात, आणि तो खरेदीदारही बहुधा हातचा जातो. दादा, पूर्ण मजुरी सातपर्यंत देणे कायद्याने बंधनकारक आहे. कामगारांच्या संमतीने ते टळत नाही. कापलेला पीएफ पगारासाठी वापरू नका, तो पंधरापर्यंत भरायचा असतो. खरी चूक आधीची आहे: बिल ७५ दिवसांचे झाले तेव्हाच पुढची मर्यादा किती उरेल, हे काढायला हवे होते.

नंदुरबारहून: मीही पाच दिवस आधी सगळे खरे सांगितले होते. दुसऱ्या दिवशी ते कच्चा माल देणाऱ्याच्या कानावर गेले आणि त्याने उधारी बंद केली. पगार कसाबसा झाला, पण दहा दिवस मशीन उभे राहिले.