मदत हवी आहे: शिलाईच्या ऑर्डरींसाठी डायरी की ॲप?

नमस्कार मंडळी. खानापुरात माझं ब्लाउज शिवायचं काम आहे. मापं वहीतच राहणार, हातात टेप असताना मोबाईल कोण उघडणार! अडचण तारखांची आहे. डायरीत पटकन लिहून होतं, पण गिऱ्हाइकानं तारीख बदलली की खाडाखोड, आणि डायरी आठवण करून देत नाही. ॲपमध्ये तारीख सरकवता येते, अलार्म वाजतो. मात्र ते नेटवर्कशिवाय चालायला हवं आणि नोंदी फाईल म्हणून बाहेर काढता यायला हव्यात, नाहीतर ॲप बंद पडलं की सगळं गेलं.

सध्या वाटतंय, ऑर्डर डायरीत लिहावी आणि दुकान बंद करताना फक्त ट्रायल-डिलिव्हरीच्या तारखा मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये टाकाव्यात. तुळशीच्या लग्नानंतरच्या गर्दीत असं दोन्हीकडे लिहिणं टिकतं का? कुणी केलंय?