मदत हवी आहे: शीटमधला भाव व साठा आणि मार्केटप्लेसवरची नोंद दर तासाला जुळवूनही फरक राहतो

पायताण_दुकान

नमस्कार. कोल्हापुरात आमचे चपलांचे दुकान आहे आणि दोन वर्षांपासून तोच माल आम्ही एका मोठ्या ऑनलाइन मार्केटप्लेसवरही विकतो. ४६ नमुने आणि प्रत्येकाची ५ मापे धरून २३० एसकेयू होतात. साठ्याचा हिशेब गुगल शीटमध्ये आहे. दुकानातली विक्री वडील गल्ल्यावरूनच लगेच नोंदवतात आणि ऑनलाइन ऑर्डरी मी रात्री ८ वाजता दुकान बंद करताना वजा करतो. माझ्या भाच्याने ॲप्स स्क्रिप्टमध्ये एक स्क्रिप्ट लिहून दिली असून ती दर तासाला प्रत्येक ओळीचा भाव आणि साठा मार्केटप्लेसच्या एपीआयकडे पाठवते.

अडचणी तीन आहेत. एक, महिन्याच्या १ तारखेला भाव वाढवले, तरी काही चपला मार्केटप्लेसवर आठवडाभर जुन्याच भावाने विकल्या गेल्या. दोन, गेल्या रविवारी कापशीच्या ८ नंबरचे ७ जोड शिल्लक असताना ८ ऑर्डरी आल्या आणि एक रद्द करावी लागली. तीन, अधूनमधून तासाभरासाठी बरेच नमुने ‘उपलब्ध नाही’ असे दिसतात आणि पुढच्या तासाला आपोआप पूर्ववत होतात. स्क्रिप्टमध्ये साठा वाचणारी ओळ अशी आहे:

```
const qty = Number(row[3]) || 0;
```

भाचा आता पुण्यात नोकरीला असतो आणि त्याला वेळ नसतो. या तिन्हींचे मूळ एकच आहे की वेगवेगळे, हे मला ठरवता येत नाही.

घाटमाथा

मूळ एकच आहे. एक तास हा फार मोठा काळ आहे. ट्रिगर दर ५ मिनिटांनी चालवा आणि मार्केटप्लेसवर प्रत्यक्षापेक्षा २ नग नेहमी कमी दाखवा. मी मोबाइलच्या कव्हरांसाठी असेच करतो आणि वर्षभरात एकही ऑर्डर रद्द करावी लागलेली नाही.

हिशेबनीस

साठा जुळत नसेल तर सर्वप्रथम प्रत्यक्ष मोजणी करावी. आमच्याकडे दर अमावास्येला गोदाम बंद ठेवून माल मोजतात आणि वहीतील फरक त्याच दिवशी लिहून काढतात. शीटमध्येच चूक असेल, तर ती कितीही वेळा पाठवली तरी चूकच राहणार.

पायताण_दुकान

हिशेबनीस, आपला मुद्दा रास्त आहे, परंतु मोजणी आम्ही दर रविवारी रात्री करतो आणि त्या वेळी शीट व कपाट जुळतात. फरक पडतो तो शीट आणि मार्केटप्लेस यांच्यात. घाटमाथा, आमच्याकडे एका मापाचे बहुधा २ ते ४ जोडच असतात. २ मागे ठेवले तर निम्मे नमुने ऑनलाइन दिसणारच नाहीत.

स्वल्पविराम

तिन्हींचे मूळ वेगवेगळे असावे असे मला वाटते. उत्तर देण्यापूर्वी दोन गोष्टी कळायला हव्यात. ज्या चपलांचे भाव जुने राहिले, त्या शीटमध्ये कोणत्या ओळींवर आहेत? आणि ॲप्स स्क्रिप्टच्या ‘Executions’ या पानावर गेल्या आठवड्यातील धावांपुढे काय लिहिले आहे?

पायताण_दुकान

ओळी पाहिल्या आणि आश्चर्य वाटले. जुन्या भावाचे सर्व नमुने २०५ व्या ओळीच्या खाली आहेत. त्या पानावर मात्र मला भाच्याच्या धावा नीट दिसत नाहीत, म्हणून त्यालाच विचारले. ट्रिगर त्याच्या खात्यावरून लावलेला असल्याने बिघाडाची पत्रे त्याच्या ईमेलवर जात होती आणि त्याने ती न उघडता बाजूला टाकली होती. त्यांत पुन्हा पुन्हा ‘Exceeded maximum execution time’ असे लिहिले आहे.

स्वल्पविराम

मग पहिल्या अडचणीचा उलगडा झाला. ॲप्स स्क्रिप्टच्या एका धावेला ६ मिनिटांची मर्यादा असते. तुमची स्क्रिप्ट एकेका एसकेयूसाठी स्वतंत्र विनंती पाठवते आणि उत्तराची वाट पाहते. एका विनंतीला दीड सेकंद लागला तर २३० ओळी ३४५ सेकंदांत कशाबशा संपतात, पण १.७ सेकंद लागले तर ३९१ सेकंद होतात आणि ३६० व्या सेकंदाला स्क्रिप्ट मध्येच थांबवली जाते. म्हणजे साधारण २११ ओळी पोहोचतात आणि बाकीच्या राहतात. पुढच्या तासाला ती पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू होते, त्यामुळे तळाच्या ओळींची पाळी फारशी येतच नाही. फरक नेहमी शीटच्या तळाशी सापडत असेल तर आधी या मर्यादेचाच संशय घ्यावा.

यावर उपाय म्हणजे सर्व ओळी न पाठवता फक्त बदललेल्या पाठवणे. शीटमध्ये ‘शेवटी पाठवलेला भाव’ आणि ‘शेवटी पाठवलेला साठा’ असे दोन स्तंभ ठेवावेत आणि आजचे आकडे त्यांच्याशी वेगळे असतील तरच विनंती करावी. तासाभरात तुमच्या १०-१५ ओळींपेक्षा अधिक बदलत नसतील. हे स्तंभ भरताना ओळीच्या क्रमांकावर न जाता एसकेयूवरून ओळ शोधावी, कारण स्क्रिप्ट चालू असताना कोणी शीटचा क्रम बदलला तर एका चपलेचा आकडा दुसरीच्या नावावर बसतो. आणि विनंती मार्केटप्लेसने स्वीकारली, याचा अर्थ बदल लागू झाला असा होत नाही. काही एपीआय आधी केवळ पोच देतात आणि नाकारल्याचे कारण नंतरच्या अहवालात कळवतात. तो अहवाल वाचूनच हे स्तंभ भरावेत.

तिसरी अडचण तुम्ही दिलेल्या ओळीत आहे. साठ्याचा स्तंभ दुसऱ्या शीटमधून सूत्राने येतो का?

पायताण_दुकान

होय. वडिलांची शीट वेगळी आहे आणि त्यातून `IMPORTRANGE` ने आकडे येतात.

स्वल्पविराम

तसेच वाटले. ते सूत्र कधी कधी आकडे आणेपर्यंत कोठ्यात ‘Loading...’ दाखवते किंवा चूक देते. नेमक्या त्या क्षणी स्क्रिप्टने शीट वाचली तर `Number` ला तो मजकूर आकडा म्हणून वाचता येत नाही आणि पुढचे `|| 0` त्याचे मुकाट्याने शून्य करते. कोठा रिकामा असला तरी शून्यच होते. मार्केटप्लेसच्या दृष्टीने तुम्ही ‘माल संपला’ असे स्पष्ट कळवलेले असते. ‘माहीत नाही’ आणि ‘शून्य’ यांना वेगळे ठेवावे:

```
function readQty(v) {
  if (typeof v !== "number") return null;
  return Math.max(0, Math.floor(v));
}
```

`null` आले तर ती ओळ त्या तासापुरती वगळावी आणि तिचा एसकेयू ईमेलने कळवावा. भावासाठीही अशीच तपासणी हवी. शिवाय नवा भाव शेवटी पाठवलेल्या भावापेक्षा एक चतुर्थांशाहून अधिक वेगळा असेल तर तो न पाठवता थांबवावा आणि माणसाने तपासावा. १२५० ऐवजी १२५ टंकले जाणे ही फार सोपी चूक आहे.

घाटमाथा

हे सर्व मान्य, पण रविवारच्या आठव्या ऑर्डरीचे काय? ती तर तासाच्या अंतरामुळेच आली ना?

स्वल्पविराम

नाही, आणि म्हणूनच ५ मिनिटांच्या ट्रिगरने ती अडचण वाढली असती. त्या दिवसाचा क्रम लावून पाहू. समजा, स्क्रिप्ट सकाळी १०:१२ ला चालली आणि तिने ७ पाठवले. १०:४० पर्यंत ३ ऑर्डरी आल्या, मार्केटप्लेसने स्वतःहून आकडा ४ केला आणि तो बरोबर होता. शीटमध्ये मात्र ऑनलाइन ऑर्डरी रात्री ८ ला वजा होतात, त्यामुळे तिथे ७ च राहिले. ११:१२ ला स्क्रिप्टने पुन्हा ७ पाठवले आणि विकले गेलेले ३ जोड कागदोपत्री जिवंत झाले. दुपारी आणखी ५ आल्या. ३ आणि ५ मिळून ८. स्क्रिप्ट जितक्या वेळा चालेल तितक्या वेळा बरोबर आकडा पुसून जुना आकडा लिहिला जाईल.

भाव आणि साठा यांत फरक आहे. भाव तुम्ही एकटे ठरवता, म्हणून तो शीटकडून मार्केटप्लेसकडे एकाच दिशेने गेला तरी बिघडत नाही. साठा मात्र दोन्हीकडून कमी होतो. त्यामुळे प्रत्येक धावेत आधी ऑर्डरी आणाव्यात, त्या शीटमध्ये वजा कराव्यात आणि मगच उरलेला आकडा पाठवावा. यासाठी ‘हालचाल’ नावाचे स्वतंत्र पान करावे, ज्यात प्रत्येक विक्री, आवक आणि परत आलेला जोड ही वेगळी ओळ असेल, आणि शिल्लक `SUMIF` ने काढावी. ऑर्डरी आणताना मागच्या तासाच्याच न मागता मागच्या ३ तासांच्या मागाव्यात, कारण काही नोंदी उशिरा दिसतात. जो ऑर्डर क्रमांक आणि एसकेयू मिळून ‘हालचाल’ पानावर आधीच आहे, ती ओळ सोडून द्यावी. ऑर्डरी आणताना काही चुकले तर त्या तासाला साठा पाठवूच नये.

कोकमवाली

आमचे रत्नागिरीला कोकम आगळ आणि सरबताचे काम आहे. आम्ही असेच केले आणि पहिल्या आठवड्यात साठा उलट कमी दिसू लागला. कारण आमचे मार्केटप्लेस आपण पाठवलेल्या आकड्यातून रवाना न झालेल्या ऑर्डरी स्वतः वजा करते. आम्ही त्या वजा करून पाठवत होतो आणि ते पुन्हा वजा करत होते. २० बाटल्यांपैकी ६ विकल्या की १४ ऐवजी ८ दिसायच्या.

स्वल्पविराम

ही फार महत्त्वाची नोंद आहे, माझ्याकडून राहून गेली. प्रत्येक मार्केटप्लेसची रीत वेगळी असते. पायताण_दुकान, कमी खपाच्या एखाद्या चपलेची खरी ऑर्डर आली की ती रवाना करण्यापूर्वी शीटमधला वजा केलेला आकडा पाठवा आणि विक्रेत्याच्या पानावर तोच दिसतो की एकने कमी, ते पाहा. एकने कमी दिसला तर रवाना न झालेल्या ऑर्डरी मिळवून आकडा पाठवावा लागेल. नातेवाइकाकडून चाचणीची ऑर्डर लावू नका, अनेक मार्केटप्लेसच्या नियमांत ते बसत नाही.

पायताण_दुकान

१२ दिवसांनी लिहीत आहे. भाच्याने एका रविवारी बसून बदल करून दिले आणि ट्रिगर आता माझ्या खात्यावरून चालतो. एक धाव ४० सेकंदांत संपते. चाचणीत आकडा जसा पाठवला तसाच दिसला, म्हणजे आमचे मार्केटप्लेस दुसऱ्यांदा वजा करत नाही. तळाच्या ओळींचे भाव जुळले आहेत आणि ‘उपलब्ध नाही’ची तक्रार पुन्हा आलेली नाही. उलट वडिलांनी एका ओळीत आकड्याऐवजी ‘२ जोड’ असे लिहिल्याचे ईमेलमुळे कळले.

दोन गोष्टी अजून सुटलेल्या नाहीत. रवाना करण्यापूर्वी ग्राहकाने ऑर्डर रद्द केली तर ती ३ तासांच्या खिडकीत बहुधा येत नाही, कारण ऑर्डर जुनी असते, आणि तो जोड शीटमध्ये परत येत नाही. दुसरे म्हणजे शेवटचा एकच जोड उरला असता तो दुकानात विकला गेला आणि पुढच्या धावेपूर्वी ऑनलाइनही मागवला गेला, असे एकदा झाले.

स्वल्पविराम

पहिल्यासाठी ऑर्डरी तयार झाल्याच्या वेळेवरून न मागता शेवटच्या बदलाच्या वेळेवरून मागून पाहा, एपीआयमध्ये तशी सोय असेल तर. मात्र आता एकच ऑर्डर दोनदा येईल, म्हणून ऑर्डर क्रमांक आणि एसकेयू यांच्या जोडीला स्थितीही धरून नोंद ओळखावी लागेल. दुसरीला दर तासाच्या पद्धतीत पूर्ण उत्तर नाही. एकच जोड उरला की ऑनलाइन शून्य दाखवावे, असे मी करतो.

घाटमाथा

म्हणजे शेवटी काही नग मागे ठेवायचेच ना? मी तेच म्हणत होतो.

पायताण_दुकान

वडील याला तयार नाहीत. त्यांच्या मते शेवटचा जोड ऑनलाइनच लवकर जातो, कारण दुकानात त्या मापाचे गिऱ्हाईक कधी येईल याचा भरवसा नसतो. तूर्त एकच जोड उरला की त्या एसकेयूचे नाव गल्ल्यावरच्या शीटमध्ये लाल होते आणि तो विकण्यापूर्वी वडील मला फोन करतात. कोणाकडे याहून बरी सोय असेल तर कृपया सांगावी.