मदत हवी आहे: निरोपाचं भाषण इंग्रजीतून मराठीत केलंय, पण शोकसभेसारखं वाटतंय

रामटेकची_पोर
नमस्कार. नागपूरहून लिहितेय. आमच्या विभागात शनिवारी प्राध्यापकांच्या निवृत्तीचा कार्यक्रम आहे. भाषण इंग्रजीत लिहून तयार होतं, दोन पानं. मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं. दोन रात्री बसून पूर्ण केलं. शब्द बरोबर आहेत, व्याकरणही बरोबर असावं, तरी मोठ्याने वाचलं की घरातलं कुणी गेल्यासारखं वाटतं. अडलेली वाक्यं देते, कृपया एवढीच नीट करून द्या. लांब चर्चेला वेळ नाही.

१. जड अंतःकरणाने आज आपण येथे जमलो आहोत.
२. आपल्या जाण्याने आमच्या विभागात कधीही न भरून निघणारी पोकळी निर्माण होईल.
३. आपण मागे एक समृद्ध वारसा सोडून जात आहात.
४. आमच्या विभागासाठी आपण एकही दगड उलटायचा बाकी ठेवला नाही.
५. आपण हा विभाग उभा केला आणि अनेक तरुण सहकाऱ्यांचे मार्गदर्शक झालात.

सुपरॲन्युएशनला मराठीत काय लिहायचं तेही सांगा.

शब्दसेवक
अशा प्रसंगी भाषा भारदस्त हवी. मी असं करीन: "विद्यादानाचे पवित्र कार्य अखंड करून सरांनी आज सेवानिवृत्तीच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवले आहे. सरांच्या जाण्याने ज्ञानाचा एक दीपस्तंभ आपल्यातून दूर होत आहे." सुपरॲन्युएशनला अधिवर्षिता म्हणतात.

बर्डीचा_प्रूफरीडर
अधिवर्षिता हिंदीतला शब्द आहे. आपल्याकडे सरकारी आदेशात "नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त" असं लिहितात. पण ते आदेशात. भाषणात "निवृत्त होत आहेत" पुरे. पत्रिकेवर किंवा बॅनरवर "सेवापूर्ती समारंभ" लिहा.

वाक्यांना हात लावण्याआधी सांगा: सर आहेत की मॅडम? भाषण कोण वाचणार? समोर कोण बसणार? विषय कोणता?

रामटेकची_पोर
विषयाचा काय संबंध? पाच वाक्यं आहेत फक्त. विभागप्रमुख वाचतील.

निवृत्त_लेखापाल
निवृत्तीवेतनाचे कागद वेळेत गेले आहेत का ते आधी पाहा. सेवापुस्तकातल्या नोंदी अपुऱ्या राहिल्या की पहिलं निवृत्तीवेतन लांबतं. माझं सात महिने अडलं होतं. रजा रोखीकरणाचा अर्जही वेगळा करावा लागला. भाषणं होतात हो, कागद मागे राहतात.

रामटेकची_पोर
काका, ते काम कार्यालय बघतंय. मला भाषणाचं हवंय.

बर्डीचा_प्रूफरीडर
संबंध आहे म्हणून विचारलं. इंग्रजी भाषण सगळं "यू" म्हणून लिहिलेलं असणार, म्हणून त्यात बाई की पुरुष ते कुठे दिसलं नाही. तुम्ही "आपण झालात" केलंत, तिथेही ते लपलं. पण "शिकवायचे" की "शिकवायच्या", हे मराठीत एकदा तरी येणारच. वरच्या सद्गृहस्थांनी न विचारता सर करून टाकले.

रामटेकची_पोर
मॅडम आहेत. भूगर्भशास्त्र विभाग. मीही त्यांचीच विद्यार्थिनी, आता तिथेच तासिका तत्त्वावर शिकवते. विभागप्रमुख मूळ सागरचे, सहा वर्षांपूर्वी आले. देवनागरी हिंदीमुळे वाचता येते, मराठी बोलतात थोडं. मॅडमच्या आई येणार आहेत, शिवाय प्रयोगशाळेतले सगळे परिचर आणि फील्डच्या गाडीचे चालक. त्यांच्यासाठीच मराठीत हवं असं सरांनी स्वतः सांगितलं.

बर्डीचा_प्रूफरीडर
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. आता बघा.

तुमचं मराठी चुकलेलं नाही. इंग्रजीत निरोपासाठी जे शब्द चालतात, त्यांचे सरळ मराठी प्रतिशब्द आपण वर्तमानपत्रात फक्त निधनाच्या बातमीत वाचतो. "जाण्याने", "पोकळी", "मागे सोडून", "वारसा". एकेकटा शब्द चालून जातो, चार एकत्र आले की शोकसभा होते. आपण घरातून निघतानाही "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. आणि इथे मॅडमच्या आईसमोर "आपल्या जाण्याने" वाचलं जाणार आहे. त्या माउलीला काय वाटेल?

म्हणून दुसऱ्या वाक्यात जाणं आणि पोकळी दोन्ही काढा. इंग्रजी लिहिणाऱ्याला म्हणायचंय की तुम्ही नसाल तेव्हा आम्हाला जाणवेल. मग काय जाणवेल ते नेमकं लिहा. मॅडम रोज विभागात काय करायच्या?

शब्दसेवक
"जड अंतःकरणाने निरोप देतो" हे मी चाळीस वर्षं निरोप समारंभात ऐकत आलो आहे. त्यात अशुभ काही नाही. आणि "आपण" काढून "तुम्ही" करू नका, ज्येष्ठांसमोर ते उणं दिसतं.

बर्डीचा_प्रूफरीडर
जड अंतःकरण एकटं असेल तर चालेल, मान्य. "आपण"चं मात्र पटत नाही. पाचवं वाक्य वाचा: "आपण हा विभाग उभा केला." कोणी केला? मॅडमनी की सभेतल्या सगळ्यांनी? "जमलो आहोत" आणि "जात आहात" यांत क्रियापद सांगतं, इथे ते सांगत नाही. जिचं श्रेय आहे तिचंच जातं. मॅडमसाठी सगळीकडे "तुम्ही" ठेवा आणि "आपण" सगळ्यांसाठी राखा. नागपुरात "तुम्ही"त पुरेसा मान आहे.

वऱ्हाडी_गडी
बाप्पा, मॅडम इकडच्या, ऐकणारे इकडचे, अन भाषण पेपरातलं काहून? "मॅडम, तुमी होत्या म्हून आमी शिकलो" असं लिहा ना. परिचर लोकायले थेट पोचते.

बर्डीचा_प्रूफरीडर
भाऊ, एखादा परिचर बोलायला उभा राहिला तर त्याने असंच बोलावं. सागरचे प्रमुख कागदावरून ही बोली वाचतील तर लोकांना ती नक्कल वाटेल.

वऱ्हाडी_गडी
तुमाले वाटते. आमाले तर आपलेपणाच वाटला असता.

धंतोलीची_आजी
मी शाळेत शिकवत होते, अकरा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. भाषांतराचं मला कळत नाही, पण एक सांगते. माझ्या कार्यक्रमात सगळे "आमची शाळा, आमची शाळा" म्हणत होते. "आमच्या शाळेला तुमची आठवण येईल." मी व्यासपीठावर हार घालून बसले होते आणि मनात आलं, कालपर्यंत ही माझीही शाळा होती ना? वाईट हेतूने कुणीच बोललं नव्हतं. तरी घरी आल्यावर रडले. तुझ्या वाक्यांत दोनदा "आमच्या विभागा" आलंय बाळा. ते "आपल्या विभागा" कर.

रामटेकची_पोर
आजी, हे मला दिसलंच नव्हतं. इंग्रजीत दोन्हीला "अवर"च होतं, हात आपोआप "आमच्या"वर गेला. आज संपूर्ण भाषण यासाठी पुन्हा वाचलं. "आमचा" हा शब्द सात ठिकाणी निघाला. सहा बदलले. एक ठेवला, "आमच्यासारख्या नवख्यांना", कारण तिथे मॅडम खरंच त्यात येत नाहीत.

आता चौथं वाक्य. इंग्रजीत तो मुद्दाम केलेला श्लेष आहे, दगडांच्या विभागात "एकही दगड उलटायचा ठेवला नाही". मराठीत "जंग जंग पछाडले" केलं तर दगडच जातो.

शब्दसेवक
"पाषाणालाही पाझर फोडला" घ्या. दगडही राहील आणि भाषाही शोभेल.

बर्डीचा_प्रूफरीडर
त्याने अर्थ बदलतो. विद्यार्थी पाषाण होते असं होईल. श्लेषाच्या बदली श्लेष शोधू नका. मॅडम आणि दगड यांचं खरं काही आठवतं का? फील्डवरचं?

रामटेकची_पोर
आठवतं. एमएस्सीच्या पहिल्या वर्षी मनसरला मँगनीजच्या खाणीकडे नेलं होतं. मी एक काळाकुट्ट दगड उचलला आणि म्हटलं, मॅडम, मँगनीजचं खनिज. त्यांनी हो किंवा नाही काहीच म्हटलं नाही. हातोडी दिली आणि म्हणाल्या, "आधी फोड, मग नाव सांग." फोडला तर काळेपणा वरच्या थरापुरता. आत नारिंगी-तपकिरी दाणे. तो गोंडाइट होता, आपल्या गोंडांवरून नाव पडलेला खडक. त्यातलं मँगनीज उघड्यावर हवापाण्याने बदलतं आणि वरून काळी पुटं धरतं, म्हणून बाहेरून फसायला होतं. मी आज माझ्या मुलांनाही हेच सांगते, आधी फोड.

बर्डीचा_प्रूफरीडर
झालं तुमचं चौथं वाक्य. फक्त प्रमुखांच्या तोंडी "आम्हाला" नको, ते तेव्हा इथे नव्हते. "इथले जुने विद्यार्थी सांगतात" असं घाला. आणि पाचव्यातला "मार्गदर्शक" बदला. विद्यापीठात तो शब्द ऐकला की लोक पीएचडीचा गाइड समजतात.

रामटेकची_पोर
आज सकाळी हे करून सरांना दिलं:

"इथले जुने विद्यार्थी सांगतात, मॅडमनी दगड फोडून आत पाहिल्याशिवाय कधी कुणाला त्याचं नाव सांगू दिलं नाही. आधी फोड, मग नाव सांग. मॅडम, तुम्ही हा विभाग उभा केला. नवीन आलेल्या प्रत्येकाला हाताशी धरून शिकवलं, मलासुद्धा. सोमवारी सकाळी खडकांच्या कपाटाची किल्ली मागायला आपल्यातलं कुणीतरी सवयीने तुमच्या खोलीकडे वळेल."

किल्ली खरंच त्यांच्याकडेच असायची. परिचरांनी हे वाचलं आणि मान हलवली.

सरांनी शेवटी स्वतः एक ओळ जोडली आहे: "आपण विद्यार्थ्यांना उत्तम शिक्षा दिली."

धंतोलीची_आजी
अगं बाई, ती ओळ बदल आधी. मराठीत शिक्षा म्हणजे दंड. पोरांना छड्या मारल्यासारखं होईल.

बर्डीचा_प्रूफरीडर
"उत्तम शिक्षण दिलं" करा, आणि "आपण"च्या जागी "तुम्ही". सरांसोबत बसून त्यांच्या तोंडून एकदा पूर्ण वाचून घ्या, घड्याळ लावून. ते कुठे अडखळतात ते कागदावर कळणार नाही. जिथे दम लागेल तिथे वाक्य तोडा. "ळ" आणि "चाक"मधला "च" त्यांना जड जाईल, तो तसाच राहू द्या.

रामटेकची_पोर
बसलो आत्ताच. दुसऱ्या पानावर दोनदा थांबले, तिथली लांब वाक्यं तोडली. शिक्षणचं त्यांनी लगेच मान्य केलं. "जड अंतःकरणाने" मात्र काढू देत नाहीत. म्हणतात, मनात तेच आहे. मी जाणं, पोकळी आणि वारसा काढलेत, ते एक ठेवलंय. आजींना विचारते, मॅडमच्या आईंच्या कानाला ते कसं वाटेल?

धंतोलीची_आजी
माझ्या कार्यक्रमात तेही म्हटलं होतं कुणीतरी. ते मला टोचलं नाही. पण मी तेव्हा आई म्हणून बसले नव्हते.

निवृत्त_लेखापाल
कागदांचं एकदा मॅडमना विचारून ठेवा मात्र.