गुणाकारातलं फिरणं बेरजेतूनच येतं
> बाणाला बाण जोडून बेरीज कळली, पण गुणाकारात बाण फिरतो का?

२+i ही संमिश्र संख्या म्हणजे शून्यापासून २ उजवीकडे नि १ वर जाणारा बाण. तिला १+i ने गुणायचं म्हणजे तोच बाण एकदा घ्यायचा आणि त्यात त्याचीच i पट मिळवायची, बास. i ने गुणलं की २+i चा −१+२i होतो, मापांक म्हणजे बाणाची लांबी तीच √५, फक्त बाण घड्याळाच्या उलट ९०° वळतो (आलेखाच्या कागदावर काढा, काटकोन लगेच दिसेल). आता दोघांची बेरीज १+३i, आणि दोन्ही बाण सारख्या लांबीचे नि काटकोनात म्हटल्यावर ती चौरसाचा कर्णच झाली की, म्हणून मूळ बाण ४५° फिरतो आणि लांबी √२ पट होऊन √१० येते. मापांकांचा गुणाकार जुळतो, बेरीज मात्र नाही हं, √५+√५ कुठे आणि √१० कुठे!